ट्यूबलेस चाकातला खिळा

माझं तोंड वाईट आहे. ते मी कबूल करतो, कारण माझी बायको मनकर्णा ते गेली अठरा वर्षं रोज सांगते आणि एवढ्या वर्षांत माणूस एकदा तरी खरं ऐकतोच. जिंतूरला जालना रोडवर माझं पंक्चरचं दुकान आहे. बैलगाडीच्या रबरी डनलॉपपासून ट्रकच्या चाकापर्यंत सगळं मी खोलतो. हात माझा चांगला आहे, हे शत्रूही सांगेल. पण हात काम करत असताना तोंडही चालू असतं.

चौऱ्याण्णव सालचा जानेवारी महिना. संक्रांतीच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला होता आणि आमच्याकडे चहाच्या प्रत्येक कपात तोच विषय होता. सोळा वर्षांचं भांडण होतं ते. कुणी पेढे वाटले, कुणी दुकानाचं शटर ओढून घरात बसलं. गावात काही झालं नाही, पण माणसं एकमेकांशी जरा मोजूनमापून बोलायला लागली होती. मी सोडून.

माझ्या दुकानासमोर बन्सीधरचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकडी, भज्याची कढई आणि कोपऱ्यात नवा एस.टी.डी.चा फोन. तिथं एका सकाळी कुणीतरी म्हणालं, की जनावरांचे डॉक्टर खिल्लारे त्यांच्या म्हातारीला औरंगाबादला घेऊन चालले आहेत, विद्यापीठाच्या गेटवरचं नाव दाखवायला. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत त्यांचं खेड्यातलं घर जळालं होतं. तेव्हापासून म्हातारीनं म्हणे ते नाव बघायचं धरून ठेवलं होतं.

मला त्या दिवशी कशाचा राग आला होता, आज सांगता येत नाही. कदाचित कशाचाच नव्हता, दहा माणसं ऐकत होती एवढंच. मी बशीतला चहा फुरकून म्हणालो, "जाऊ द्या की! वाटेत रस्ता हाय कुठं? पोचले तर बघतील."

दहाच्या दहा जण हसले. मीही हसलो.

त्याच दुपारी डॉक्टर खिल्लारे माझ्या दुकानात चाक घेऊन आले.

सिताराम खिल्लारे म्हणजे शांत माणूस. गाईच्या पोटात हात घालून वासरू फिरवणारा, आणि तरी आवाज कधी न चढवणारा. त्यांच्याकडे लाल मारुती होती, छोटी. खेड्यापाड्याचे खड्डे आणि औरंगाबाद-पुण्याचा हायवे, दोन्ही त्याच गाडीनं. सहा महिन्यांपूर्वी त्यांनी मुंबईहून परदेशी टायर बसवून आणले होते. ट्यूबलेस. म्हणजे आत ट्यूबच नाही, टायर रिंगला घट्ट बसतं आणि हवा थेट टायरमध्येच राहते. जिंतूरमध्ये असे टायर असलेली ती एकच गाडी होती, आणि ते टायर मला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होते.

"पुढचं डावं चाक हाय, मुंजाजी," डॉक्टर म्हणाले. "दोन-तीन दिवसाला हवा उतरायलीय. उद्या सकाळी औरंगाबादला निघायचंय. आत्ता स्टेपनीवर फिरायलोय."

"ट्यूबलेस हाय ना? मग हवा कशी उतरायलीय? मुंबईवाला तर म्हणला असंल, जिंदगीभर बघायचं काम न्हाई."

"तो म्हणला की खिळा घुसला तरी हवा एकदम जात न्हाई. माणूस घरापर्यंत पोचतो. हायवेला त्याचा फायदा हाय."

"हायवेला असंल. आमच्या खड्ड्यात रिंगच वाकली तर? ट्यूबवाल्याची रिंग वाकली तरी हवा ट्यूबीत. तुमच्याची रिंग वाकली की कडंनं हवा पसार. अन् मधे कुठं अडकलात तर पंक्चर काढणारा सापडंल का? ट्यूब काय, कुठल्या बी फाट्यावर लागते."

डॉक्टर हसून म्हणाले, "बघा तुमी. तुमाला कळतं."

हे खोटं नव्हतं हं, जे मी बोललो. रिंगेची कड खरंच वाकली होती. मी चाक पाण्याच्या हौदात बुडवलं तर कडेनं मोठे बुडबुडे एकेक करून वर आले. मला एवढा आनंद झाला म्हणून सांगू! टामीच्या लोखंडी पट्टीनं टायर उतरवलं, रिंगेची कड हातोडीनं सरळ केली, गंज घासून काढला. साबणाचं पाणी लावून टायर परत चढवलं, कॉम्प्रेसरनं जोरात हवा सोडली आणि दोन्ही कडा फटाफट आवाज करून जागेवर बसल्या. मग परत हौदात. कडेचे बुडबुडे बंद झाले होते. फक्त टायरच्या नक्षीतून एक बारीकशी दोऱ्यासारखी ओळ वर येत होती. खाचेत अडकलेली हवा असेल, म्हणून मी चाक बाहेर काढलं.

दोन तासांनी हवा मोजायचा काटा लावून बघितला तर हवा अर्ध्या पौंडानं कमी. झालं. मी मांडीवर थाप मारली. म्हटलं, रिंग अजून सोडतेच आहे. ट्यूबलेसचा नाद आमच्या रस्त्याला परवडत नाही, हे मी आधीच म्हणत होतो. टायर परत उतरवलं, रिंगेच्या भोकातला रबरी व्हॉल्व्ह काढून टाकला आणि आत नवी कोरी ट्यूब घातली. पांढरी पावडर लावून, व्यवस्थित. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालून चालते, सगळीकडे घालतात. संध्याकाळी चाक मी स्वतः डॉक्टरांच्या गाडीला पुढं डावीकडं बसवून दिलं.

"आता निवांत जा," मी म्हणालो. "ट्यूब हाय आतमधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता लाल मारुती माझ्या दुकानावरून गेली. पुढं डॉक्टर आणि त्यांच्या शेजारी म्हातारी मालनबाई, पांढऱ्या पातळात. मागं डॉक्टरांच्या बायको कुसुमबाई, त्या शाळेत मास्तरीण आहेत. म्हातारीनं कुणाकडे न बघता हात जोडले होते, बहुतेक रस्त्याला.

पावणेआठला एक दूधवाला लुनाचं चाक घेऊन आला. व्हॉल्व्हमधून हवा जाते का बघायला मी अख्खं चाक हौदात बुडवलं. टायरच्या खाचांतून चार-पाच बुडबुडे आले आणि थांबले. पाणी स्थिर झालं.

मी ते पाणी बघतच राहिलो.

खाचेतली हवा एवढीच असते. चार-पाच बुडबुडे, की संपली. काल डॉक्टरांच्या चाकातून आलेली ती बारीक ओळ थांबली नव्हती. मी चाक बाहेर काढलं तेव्हाही ती चालूच होती.

आता तुम्हाला नीट सांगतो, कारण हे मला स्वतःलाही तेव्हा एकदम कळलं. मी वीस वर्षं ट्यूबची कामं केली. ट्यूबचं पंक्चर असलं की ट्यूब बाहेर काढायची, हवा भरायची, पाण्यात बुडवून भोक शोधायचं. मग ती ट्यूब टायरवर व्हॉल्व्हला व्हॉल्व्ह जुळवून धरायची. भोक जिथं, तिथंच टायरमध्ये खिळा. तो काढायचा. म्हणजे खिळ्याचा पत्ता मला ट्यूबच सांगते. माझा हात खिळ्यापर्यंत जातो तो ट्यूबच्या भोकावरून.

आणि डॉक्टरांच्या चाकात ट्यूबच नव्हती. पत्ता सांगणारं कुणी नव्हतं. ट्यूबलेसमध्ये घुसलेला खिळा रबरात घट्ट बसून महिना-महिना गुपचूप राहतो, हवा नावालाच सोडतो. मी कालच्या कामात टायरच्या आतून हात फिरवलाच नव्हता. रिंगच खराब असणार, हे मी चाक बघायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. आणि मग त्या खिळ्यावर माझ्या हातानं नवी कोरी ट्यूब ठेवली.

ट्यूबलेस राहिलं असतं तर तो खिळा घेऊन ते औरंगाबादला जाऊन आले असते. मी ट्यूब घातल्यामुळं आता जाणार नव्हते. उभ्या गाडीत ट्यूब टोकाला नुसती टेकते, म्हणून रात्र निघाली. गाडी धावायला लागली की दर फेऱ्याला टायर त्या जागी दाबलं जातं आणि टोक टोचत राहतं. पाच मैलांवर फुटेल, पन्नासवर फुटेल. आणि ट्यूब फुटली की सगळी हवा एकदम जाते. पुढचं डावं चाक. गाडी खसकन डावीकडं ओढते. मंठ्याच्या पुढं जालन्याचा रस्ता चांगला लागतो, तिथं डॉक्टर ऐंशीनं जातात हे मला ठाऊक होतं.

पण मग असंही वाटलं, की खिळा नसलाच तर? मी बुडबुड्याची एक ओळ बघितली होती, खिळा बघितला नव्हता. उगीच बोभाटा केला तर वीस वर्षांच्या नावाचं हसं होईल.

मनकर्णा डबा घेऊन आली तेव्हा मी दूधवाल्याचं चाक हातात धरून तसाच बसलो होतो. मी तिला सगळं सांगितलं. तिनं डबा खाली ठेवला.

"अन् हॉटेलात तुमी काय बोलल्ता ते आठवतं का?" ती म्हणाली. "पोचले तर बघतील. बायाबायांत बी चर्चा झाली त्याची. आता त्या गाडीला काय झालं तर लोक काय समजतील? मुंजाजीनं चुकून केलं, असं समजतील का?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एवढं बोलणारा माणूस मी, पण स्वतःचंच वाक्य असं उलटून अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

"लोकांचं जाऊ द्या," मनकर्णा म्हणाली, "ती म्हातारी पुढं बसलीय."

मी पळत बन्सीधरच्या हॉटेलात गेलो. सकाळची सगळी मंडळी बसलेली होती, तीच. मंठ्याच्या चौकात सत्तारभाईचं टायरचं दुकान आहे, माझा जुना दोस्त. त्याच्याकडे फोन नाही, पण शेजारच्या मेडिकलमध्ये आहे. तो नंबर माझ्या दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहिलेला, म्हणून पाठ होता. बन्सीधरनं फिरवला. लाइन लागेना. परत फिरवला. एकदाचा कुणीतरी उचलला आणि वाऱ्यासारखा आवाज आला.

"सत्तारभाईला बोलवा!" मी ओरडलो.

"तो अजून आला न्हाई. दुकान बंद हाय."

"आला की सांगा, लाल मारुती थांबव! परभणी पासिंगची. डॉक्टर हायत. चाकात खिळा हाय म्हणावं, पुढच्या डाव्या! जालन्याकडं जाऊ देऊ नको म्हणावं!"

"काय? कुणाला खिळा?"

तेवढ्यात लाइन तुटली. परत लावली तर लागेचना.

बन्सीधर फोन पुसत पुसत माझ्याकडे न बघता म्हणाला, "मुंजाजी, खिळा कुणी मारला म्हणं?"

कुणी हसलं नाही. मी टामी, पंप, जॅक आणि एक जादा ट्यूब पोत्यात भरून पोतं राजदूत मोटारसायकलच्या मागं बांधलं आणि किक मारली.

तो रस्ता मी हजार वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी त्याचा एकेक खड्डा मोजला. जिथं डांबर होतं तिथं कडा तुटलेल्या, जिथं नव्हतं तिथं नुसती खडी. मी खड्डे चुकवत नव्हतो आणि रस्त्याकडे बघतही नव्हतो. डावीकडची नाली बघत होतो. दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती आणि तिच्यात कुठं लाल दिसतंय का, एवढंच शोधत होतो. एका ठिकाणी लाल दिसलं. जवळ गेलो तर एका बाईनं बांधावर लुगडं वाळत घातलं होतं. मी तिच्यावर उगीचच खेकसलो, "हितं वाळवायचं असतं का?" ती बिचारी बघतच राहिली.

चारठाण्याच्या फाट्यावर माणसं जमलेली होती. रस्त्याच्या मधोमध, चांगली पंधरा-वीस. गाडी बंद केली तरी उतरता येईना. मग गर्दीतून तात्याराव बाहेर आला, चारठाण्याचा शेतकरी, माझ्या ओळखीचा.

"काय झालं?" मी विचारलं.

"काय न्हाई, कापसाची ट्रॉली कलंडलीय. तू कुठं निघालास?"

"डॉक्टर दिसले का? लाल मारुती?"

"माझ्याच गाईला बघून गेले की. अर्धा तास थांबले. आत्ताच गेले, पंधरा-वीस मिनिटं झाली."

"चाक कसं होतं?"

"चाक?" तात्याराव माझ्याकडे बघायला लागला. "चाक गोल होतं."

एरवी मी त्याला याच्या वरचं ऐकवलं असतं. पण मी पुढं निघालो. पंधरा मिनिटं म्हणजे मंठा अजून यायचा आहे. मंठा आला की चौक, चौकात सत्तार असला तर ठीक. नसला तर पुढं सरळ रस्ता. मी आयुष्यात कधी न बोललेला नवस बोललो, कुठल्या देवाला ते आठवत नाही. मनात एकच होतं, रस्ता आणखी खराब असू दे, अजून खड्डे पडू दे, त्यांना वेगच घेता येऊ नये. रस्त्यासाठी असं मागणारा मी पहिलाच असेन.

मंठ्याच्या अलीकडं सहा किलोमीटरवर एका बाभळीखाली ती उभी होती. लाल. डाव्या बाजूला कललेली, अर्धी रस्त्याखाली.

मी राजदूत सोडून दिली, ती पडली. पळत गेलो. मालनबाई बाभळीच्या सावलीत गोधडीवर बसल्या होत्या. कुसुमबाई त्यांना पाणी देत होत्या. डॉक्टर चाकाशी वाकले होते. तिघंही धड होते. मी तिथंच मातीत बसलो आणि मला रडू आलं. लाज वाटली, पण आलं.

"अरे मुंजाजी!" डॉक्टर दचकून म्हणाले. "तुमी कसे काय?"

"कसं झालं?" मी विचारलं.

"एकदम हवा गेली. स्टिअरिंग डावीकडं ओढलं. पण ह्या खड्ड्यांमुळं तीसच्या वर चाललोच नव्हतो, म्हणून हातात राहिली. जागेवर थांबवली. पुढं हायवेला झालं असतं तर..." त्यांनी आईकडं बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं.

मी जॅक लावला, स्टेपनी चढवली आणि ते चाक मातीत आडवं टाकून खोललं. ट्यूब बाहेर ओढली. मग कालच करायला पाहिजे होतं ते केलं. टायरच्या आत हात घातला आणि सगळीकडून सावकाश फिरवला. अर्ध्यावर आलो तर बोटाला टोचलं. रक्त आलं. पक्कडीनं बाहेरून ओढला. छोटा, बारीक खिळा, तिरका घुसलेला.

डॉक्टर बघत होते. "रस्त्यातच घुसला असंल, आत्ता," ते म्हणाले. "ट्रॉल्या किती चालल्यात. तुमचा काय दोष."

माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली होती त्यांनी. मला फक्त मान हलवायची होती. पण खिळा माझ्या हातात होता. त्याचं डोकं झिजून टायरच्या बरोबरीला आलं होतं, चकाकत होतं, आणि अंग गंजलेलं होतं. महिना तरी झाला असेल त्याला. डॉक्टरांना ते कळलं नसतं. मला कळत होतं.

"आत्ताचा न्हाई, डॉक्टरसायब," मी म्हणालो. "लय दिवसाचा हाय. तुमच्या टायरनं त्याला गुमान संबाळलं होतं. मी आतून हात फिरवला न्हाई. रिंगच खराब हाय असं धरून बसलो अन् ह्याच्यावर ट्यूब घातली. चूक माझी हाय." आणि मग राहवलं नाही म्हणून पुढचंही बोललो. "अन् हॉटेलात मी जे बोललो होतो..."

"मला माहीत हाय," डॉक्टर म्हणाले. "काल सकाळीच कळलं मला."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "काल सकाळी? चाक तर तुमी दुपारी आणलं."

"हां. दुपारी आणलं." ते हात पुसत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "कुसुम म्हणली, परभणीला नेऊन दाखवा, त्याच्याकडं देऊ नका. मी म्हणलो, तोंड कसंबी असू दे, त्याचा हात चांगला हाय. अन् शेजारच्या दुकानात चाक द्यायचं भ्या वाटायला लागलं, तर ह्या गावात राहायचं कसं?"

याच्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. बोटाचं रक्त मातीत पडत होतं.

मालनबाई गोधडीवरून म्हणाल्या, "एवढ्या लांब कशापायी आलास रं, लेकरा?"

"खिळा काढायला, माय."

"निघाला का?"

"निघाला."

"मग रडू नको. चल, उशीर व्हायलाय."

ते स्टेपनीवर आणि मी राजदूतवर, असे मंठ्याला पोहोचलो तर सत्तारभाई भर चौकात रस्त्याच्या मधोमध उभा होता, दोन्ही हात पसरून, आणि येणारी प्रत्येक लाल गाडी अडवत होता. त्यानं एक ट्रॅक्टरही थांबवून ठेवला होता. निरोप पोहोचला होता तर! मी त्याला मिठी मारली. तो म्हणाला, "अरे, मेडिकलवाला बोला, डॉक्टर को खिला चुभा. मैं समझा दवाखाने का मामला है."

सत्तारकडे ट्यूबलेसचं सामान होतं. जालन्याला शिकून आला होता तो, आणि मला कधी बोलला नव्हता, कारण मी ऐकून घेतलं नसतं. त्यानं खिळ्याचं भोक कानशीनं साफ केलं आणि चिकट रबराची वात सुयानं आत ठासली. रिंगेला नवा व्हॉल्व्ह बसवला. ट्यूब न घालता टायर चढवलं, हवा भरली आणि चाक हौदात बुडवलं. आम्ही दोघं पाण्याकडे बघत बसलो. खाचेतून चार-पाच बुडबुडे आले आणि थांबले. मी मोजले. कडेनं एकही नाही. मी कालच रिंग चांगली ठोकली होती. म्हणजे काम माझं बरोबर होतं, नुसतं माझं म्हणणं चूक होतं.

"आता ट्यूब घालायची का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नको," मी म्हणालो. "लांब जायचंय. असंच जाऊ द्या. हितं सत्तार हाय, पुढं जालन्याला बी मिळंल कुणी. अन् जिंतूरला मी शिकून घेतो."

चाक बसवलं. पण कुसुमबाई गाडीत बसेनात. दारापाशीच उभ्या राहिल्या. त्या शिकलेल्या बाई, भांडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, "काल पण निवांत जा असंच म्हणाला होतात तुम्ही."

हमी द्यायला माझ्याकडे काय होतं?

मालनबाई पुढच्या सीटवरून उतरल्या, मागं जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू बस पुढं. त्या चाकावर. मग हिला भ्या वाटायचं न्हाई."

बसलो मी. मंठा सुटला आणि रस्ता गुळगुळीत झाला. डॉक्टरांनी गाडी साठवर नेली, मग सत्तरवर. माझे दोन्ही पाय खालच्या पत्र्याला दाबलेले होते आणि कान चाकाला. जरा कुठं आवाज झाला की मी डॉक्टरांच्या हाताकडे बघायचो, स्टिअरिंग ओढतंय का. डॉक्टर मला बघून हळू चालवायला लागले तर मागून म्हातारी म्हणाली, "जाऊ दे की रं जोरात. बसलाय ना तो." ऐंशी झाले. पाऊण-एक तास मी असा बसलो होतो. वीस वर्षांत माझ्या हाताखालून किती चाकं गेली असतील, पण त्यांच्यावर कोण बसतं आणि कसं बसतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

जालन्याला उतरलो, परत एकदा काटा लावला. हवा जशीच्या तशी. मालनबाईंनी खिडकीतून माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गाडी गेली. मी एस.टी.नं मंठ्याला आलो, राजदूत घेतली आणि दिवस मावळताना घरी पोहोचलो. मनकर्णा ओट्यावर उभी होती. मी मान हलवली, तेव्हा ती आत गेली आणि तिनं चूल पेटवली. सकाळी डबा केल्यापासून पेटवलीच नव्हती.

रात्री बन्सीधरच्या फोनवर डॉक्टरांचा निरोप आला होता, पोहोचलो म्हणून.

सकाळी मी हॉटेलात गेलो. मंडळी तीच, बाकडी तीच. बन्सीधरनं चहा ठेवला. मी खिशातून खिळा काढला आणि बशीच्या शेजारी टेबलावर ठेवला. एवढासा, पण सगळ्यांनी माना पुढं केल्या.

"काल विचारलं होतंस ना, बन्सीधर, खिळा कुणी मारला म्हणून," मी म्हणालो. "मारला कुणी, मला माहीत न्हाई. पण राहिला माझ्या हातून. बघून घ्या सगळ्यांनी."

मी चहा प्यायलो, कप ठेवला आणि दुकान उघडायला गेलो. त्या दिवसापासून कुठलंही चाक येवो, ट्यूबचं असो की बिनट्यूबचं, मी आधी टायरच्या आतून हात फिरवतो.